मोतीबिंदू थांबेल, काचबिंदू थांबत नाही

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाने ‘हल्ली नीट दिसत नाही’ म्हटले की घरातले उत्तर ठरलेले असते. ‘मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढून टाकू.’ या उत्तरात दोन गृहीतके आहेत. एक, उतारवयातली कमी झालेली नजर म्हणजे मोतीबिंदूच. दोन, मोतीबिंदू असला तर वाट पाहण्याने काही बिघडत नाही. दुसरे गृहीतक काही अंशी खरे आहे. पहिले मात्र धोक्याचे आहे, कारण त्याच वयात, अगदी त्याच डोळ्यात, काचबिंदू नावाचा दुसरा आजार असू शकतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात इतकी वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वाट पाहायला हरकत नाही, पण ती डोळा एकदा पूर्ण तपासल्यानंतर. तपासणीआधीच पाहिलेली वाट बऱ्याचदा नजरेवर बेतते.

दोन्ही नावांत ‘बिंदू’ आहे, पण आजार डोळ्याच्या दोन वेगळ्या भागांतले आहेत. मोतीबिंदू हा भिंगाचा आजार. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वयानुसार ते पिवळट, मग तपकिरी किंवा पांढरट होत जाते. खिडकीची काच धुरकट व्हावी तसा प्रकार. काच बदलली की बाहेरचे पुन्हा स्वच्छ दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नेमके हेच होते. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि डोळ्याचा बाकीचा भाग निरोगी असेल तर गेलेली नजर परत येते. सहा महिने उशीर झाला तरी सहसा तेवढीच परत येते.

काचबिंदू हा डोळ्यामागच्या दृष्टिचेतेचा, म्हणजे ऑप्टिक नर्व्हचा आजार. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात आणि डोळ्याने टिपलेले चित्र ते मेंदूपर्यंत नेतात. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून बारीक जाळीवाटे ते बाहेर जाते. (हे डोळ्यातून गालावर येणारे अश्रू नव्हेत.) ही जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि नसेचे तंतू हळूहळू मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया, काहीही केले तरी गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली टिकवता येते. म्हणून इथे सहा महिन्यांच्या उशिराची किंमत कायमची असते.

मग घरच्या माणसांना फरक कसा कळायचा? मोतीबिंदू स्वतःची जाहिरात करतो. सगळेच अंधुक होते, समोरचेही आणि बाजूचेही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात. रंग फिके पडतात, पांढरे धोतर पिवळसर वाटते. चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो. काही जणांना तर मधल्या काळात जवळचे वाचायला चष्मा लागेनासा होतो आणि ‘माझी नजर सुधारली’ असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो भिंग कठीण होत असल्याचा परिणाम असतो. या सगळ्याची रुग्ण तक्रार करतो, कारण त्याला ते जाणवते.

काचबिंदूचा सर्वांत नेहमीचा प्रकार मात्र गप्प असतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहते. आधी जाते ती बाजूची, वरची किंवा खालची नजर. डोळ्यांपुढे काळा डाग दिसेल अशी अनेकांची कल्पना असते, पण तसे होत नाही. एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरतो. त्यामुळे रुग्णाला काही ‘दिसत नाही’ असे वाटतच नाही. वस्तू अचानक समोर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते, भाजीवाल्याची हातगाडी कोपराला लागते. घरचे म्हणतात, ‘अहो, जरा बघून चाला.’

अलीकडचेच एक उदाहरण सांगतो. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एकाहत्तर वर्षांचे काका मुलासोबत आले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडील गावी. मुलाचे म्हणणे सरळ होते, ‘डॉक्टर, बाबांचा उजवा डोळा पिकलाय का तेवढं बघा. पिकला असेल तर दिवाळीनंतर रजा टाकतो आणि ऑपरेशन करून घेतो.’ काकांना डाव्या डोळ्याची काहीच तक्रार नव्हती. ‘डाव्यानं पेपर वाचतो की मी,’ असे ते ठासून सांगत होते.

तक्त्यावर उजव्या डोळ्याची नजर ६/३६ आली. म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून वाचता येणारे अक्षर त्यांना ६ मीटरवरून वाचता येत होते. डाव्याची ६/९, म्हणजे जवळजवळ उत्तम. इथेच थांबलो असतो तर मुलाचे म्हणणे बरोबर ठरले असते, कारण उजव्या डोळ्यात पक्का मोतीबिंदू होताच. पण तक्ता फक्त मधली नजर मोजतो. बाजूला काय चालले आहे ते त्याला कळत नाही.

पुढची पायरी दाबाची. डोळ्याचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि १० ते २१ हा सर्वसाधारण टप्पा मानतात. काकांच्या उजव्या डोळ्यात दाब २२ होता, डाव्या, ‘चांगल्या’ डोळ्यात ३०. त्यानंतर एक छोटे आरसेवजा भिंग डोळ्यावर टेकवून पाण्याच्या निचऱ्याचा कोन पाहिला. तो दोन्ही डोळ्यांत उघडा होता. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून नस पाहिली. नसेचे तोंड डोळ्याच्या आत एखाद्या बशीसारखे गोल दिसते आणि तिच्या मध्यभागी एक खळगा असतो. बहुतेकांत तो खळगा बशीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचा असतो. काचबिंदूत तंतू मरतात तशी बशीची कड झिजते आणि खळगा वाढतो. काकांच्या डाव्या डोळ्यात त्याने बशीचा पाचातला चार भाग व्यापला होता आणि वरची कड जवळजवळ उरली नव्हती.

नसेची वरची कड खालचे दृश्य वाहून नेते. म्हणून मी काकांना विचारले, ‘काका, पायरी उतरताना कधी चुकते का?’ ते जरा थांबून म्हणाले, ‘चुकते ना. गेल्या पावसाळ्यात ओट्यावरून दोनदा घसरलो. गुडघे आता साथ देत नाहीत.’ गुडघ्यांसाठी त्यांनी तेल लावले होते, गोळ्या घेतल्या होते, काठीही आणली होती. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा कागद हातात आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या दृश्याचा खालचा बराचसा भाग राखाडी-काळा होता. पायाखालचे त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने धूसर दिसत होते. दोष गुडघ्यांचा नव्हताच.

ही दृष्टिक्षेत्राची तपासणी कशी असते ते आधी माहीत असलेले बरे, कारण वयस्कर माणसे तिला घाबरतात. एका पांढऱ्या पोकळ वाडग्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचे, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचे. आजूबाजूला बारीक उजेड लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. प्रत्येक डोळ्याला काही मिनिटे लागतात. नजर ठिपक्यावरून हलते, थकवा येतो, बटण चुकते. त्यामुळे पहिली तपासणी अनेकदा भरवशाची नसते आणि ती पुन्हा करावी लागते. डॉक्टरांनी पुन्हा बोलावले तर तो वेळकाढूपणा समजू नये.

काकांचे पुढे काय झाले? त्यांना दमा होता आणि ते नियमित पंप ओढत. म्हणून टिमोलॉल हे स्वस्त आणि प्रभावी औषध आम्ही टाळले, कारण डोळ्यात घातलेले टिमोलॉल रक्तात उतरते आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकते, हृदयाचे ठोकेही मंदावू शकते. रोज रात्री एकदा घालायचे लॅटॅनोप्रोस्टचे थेंब सुरू केले. दीड महिन्याने डावीकडचा दाब ३० वरून २० वर आला. आकडा ‘नॉर्मल’ दिसतो, पण इतकी झिजलेली नस २० ला सुरक्षित राहतेच असे नाही. म्हणून दुसरे एक औषध जोडले आणि दाब १५ वर आणला. उजवीकडचा दाबही १६ झाला. त्यानंतरच उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली आणि त्या डोळ्याने ते आता ६/९ पर्यंत वाचतात. डाव्या डोळ्याच्या खालच्या भागातले जे गेले ते परत आले नाही, येणारही नाही. पण मधली नजर शाबूत आहे आणि दाब असाच राहिला तर ती टिकण्याची चांगली आशा आहे.

या उदाहरणातला मुद्दा लक्षात घ्या. घरातले सगळे ज्या डोळ्याची काळजी करत होते तो थांबू शकला असता. ज्या डोळ्याची कोणीच काळजी करत नव्हते तो थांबू शकत नव्हता. म्हणून मोतीबिंदूसाठी आई-वडिलांना घेऊन जाल तेव्हा दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला का आणि दोन्ही डोळ्यांची नस पाहिली का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. दाब नॉर्मल आला म्हणजे सुटलो असेही समजू नका. काही जणांत दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू होतो, म्हणून नस पाहणे चुकवता येत नाही. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास अंधुक दिसते आणि उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे सोबत कोणीतरी जावे आणि रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

आता ‘पिकू द्या’ या शब्दांकडे वळू. हा सल्ला मुळात खोटा नव्हता, तो एका जुन्या काळाचा होता. पूर्वी भिंग त्याच्या आवरणासकट अखंड बाहेर काढत आणि पक्के झालेले भिंग काढणे सोपे जाई. भिंग काढल्यावर आत काही बसवत नसत. रुग्णाला सोड्याच्या बाटलीच्या तळासारखा जाड चष्मा लागे आणि त्यातून सगळे मोठे आणि वाकडे दिसे. अशा चष्म्यापेक्षा थोडी अंधुक नजर बरी, म्हणून शक्य तितके थांबायचे. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ च्या सुमारास ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून काढण्याची पद्धत आणली. ही तंत्रे आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली आणि तो हिशेब उलटा झाला. आज फार पिकलेला, दगडासारखा कठीण मोतीबिंदू काढणे अधिक अवघड आणि अधिक जोखमीचे असते. आता शस्त्रक्रियेची वेळ मोतीबिंदूच्या रंगावर ठरत नाही. रुग्णाच्या रोजच्या कामांत, वाचण्यात, स्वयंपाकात, रस्ता ओलांडण्यात अडचण येऊ लागली की ती वेळ आली असे समजावे.

एवढेच नाही. फार दिवस सोडून दिलेला मोतीबिंदू स्वतःच काचबिंदू घडवून आणू शकतो. पिकता पिकता भिंग पाणी धरून फुगते आणि पुढे सरकून निचऱ्याचा कोन बंद करते. किंवा अति पिकल्यावर त्यातला द्रव झिरपून जाळी तुंबवतो. दोन्ही प्रकारांत दाब अचानक चढतो. असे रुग्ण आमच्याकडे बहुधा गावांतून येतात आणि त्यांची कहाणी ठरलेली असते. एका डोळ्याचे ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेले, त्याने चांगले दिसते, म्हणून ‘एक डोळा पुरे’ म्हणत दुसरा तसाच राहिलेला. मग एके दिवशी तो असह्य दुखू लागतो. ऑपरेशनने वेदना थांबते, पण दाबाने नस मेली असेल तर नजर येत नाही. म्हणजे ‘मोतीबिंदू थांबेल’ हे विधानही बेमुदत खरे नाही. बाहुलीत पांढरा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसू लागला की ती मुदत संपत आली असे समजा.

अचानक चढणाऱ्या दाबाचा आणखी एक प्रकार घरात ओळखता आलाच पाहिजे. काहींच्या, विशेषतः दूरचे पाहण्यासाठी अधिक नंबरचा चष्मा असलेल्या वयस्कर स्त्रियांच्या, डोळ्यातला निचऱ्याचा कोन जन्मतःच अरुंद असतो. वयाबरोबर भिंग जाड होते, कोन आणखी अरुंद होतो आणि एखाद्या संध्याकाळी मंद उजेडात बाहुली पसरली की तो पूर्ण बंद होतो. दाब काही तासांत ५० च्या पुढे जाऊ शकतो. डोळा लाल होतो, नजर धुरकट होते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात, त्या बाजूचे डोके फुटल्यासारखे दुखते आणि उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी इतकी ठळक असते की डोळ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी दिले जाते, अर्धशिशीची गोळी दिली जाते, सकाळपर्यंत थांबले जाते. त्या रात्रीत नस कायमची दुखावू शकते. म्हणून आईला उलट्यांसह डोके दुखत असेल तर दिवा लावून तिच्या डोळ्यांकडे बघा. एकच डोळा लाल असेल आणि त्या डोळ्याने धूसर दिसत असेल तर ते पित्त नव्हे, रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा. तिथे दाब उतरवणारी औषधे शिरेतून आणि थेंबांतून देतात आणि नंतर लेसरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडून पाण्याला पर्यायी वाट देतात. दुसऱ्या डोळ्याचा कोनही बहुधा तसाच अरुंद असतो, म्हणून त्यालाही आधीच लेसर करून घ्यावा लागतो. अनेकांना अशा मोठ्या झटक्याआधी छोटे झटके येऊन गेलेले असतात. संध्याकाळी तासभर डोके जड, दिव्याभोवती रंगीत कडी, झोपून उठल्यावर सगळे ठीक. असे दोन-तीनदा झाले असेल तर दोन-तीन दिवसांत तपासणी करून घ्या.

डोळ्यातले कोणते बदल त्याच दिवशी दाखवायचे? वर सांगितलेला लाल, दुखरा, धूसर डोळा हा पहिला. दुसरा, एका डोळ्याची नजर अचानक जाणे. ती अजिबात दुखत नसली आणि दहा मिनिटांत परत आली तरीसुद्धा. डोळ्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे हे लक्षण असू शकते आणि त्यानंतर पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांइतकाच फिजिशियनही लागतो. तिसरा, डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटणे. दृष्टिपटल सुटत असल्याची ही खूण असू शकते. चौथा, एकदम दोन-दोन दिसू लागणे, त्यातही पापणी खाली आली असेल तर. आणि पाचवा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा वाढता दुखणे, लाल होणे आणि नजर कमी होणे. ‘टाके ओढत असतील’ म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आत जंतूसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशेब असतो.

काही बदल आठवड्याभरात दाखवावेत. दाराची चौकट किंवा वहीतल्या ओळी वाकड्या दिसणे, पायरी किंवा उंबरठा वारंवार चुकणे, एका डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी झाल्याचे लक्षात येणे. सगळीकडे सारखे, सावकाश वाढणारे धूसर मात्र थांबू शकते. पण नस आणि दाब एकदा तपासून झाल्यावरच.

काचबिंदू आहे असे ठरल्यावर खरी परीक्षा थेंबांची असते. रक्तदाबाची गोळी घेऊन रक्तदाब उतरलेला दिसतो, साखरेची गोळी घेऊन साखर उतरलेली दिसते. काचबिंदूच्या थेंबांनी रुग्णाला काहीच सुधारलेले जाणवत नाही, उलट थोडी जळजळ होते. म्हणून बाटली संपली की थेंब बंद होतात. त्यांनी नजर वाढत नाही, आहे ती टिकते, हे घरात एकदा नीट सांगावे लागते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की काचबिंदूही गेला असे समजून थेंब सोडणारेही पुष्कळ भेटतात. ऑपरेशनने दाब थोडा उतरू शकतो, पण थेंब थांबवायचे की नाही हे दाब मोजूनच ठरते.

थेंब घालण्याची एक साधी पद्धत आहे. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटे दाबून धरायचा. त्याने औषध नाकात आणि रक्तात कमी उतरते. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा, कारण बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरच वापरायच्या असतात. वृद्धांचे हात थरथरतात, संधिवाताने बाटली दाबली जात नाही. घरातल्या कोणीतरी रात्री हे काम अंगावर घेतले तर औषध खरेच डोळ्यात जाते. आणि एक पथ्य. डोळा लाल झाला, खाज सुटली म्हणून मेडिकलमधून स्वतः आणलेले थेंब वृद्धांच्या डोळ्यात घालू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. ते आराम देते आणि काही आठवडे चालू राहिले तर काही जणांचा दाब गुपचूप वाढवते.

आमच्याकडूनही एक बदल व्हायला हवा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदू शोधून त्याचे मोफत ऑपरेशन करण्यात त्याने फार मोठे काम केले आहे. पण गावातल्या शिबिरात टॉर्चच्या उजेडात पांढरे भिंग दिसते, नस दिसत नाही. ज्यांच्या डोळ्यात पांढरे काही नाही त्यांना ‘तुमचं अजून पिकलेलं नाही, पुढच्या वर्षी या’ सांगून परत पाठवले जाते आणि काचबिंदूचा रुग्ण नेमका याच लोकांत असतो. शिबिरात ज्याची नजर कमी भरेल त्याच्या दोन्ही डोळ्यांचा दाब हातात धरायच्या यंत्राने मोजता येतो. दाब जास्त असेल किंवा नजर कमी असण्याचे कारण भिंगात सापडत नसेल, तर त्याला तारीख देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवता येते. परत पाठवलेल्यांची यादी हीसुद्धा ऑपरेशनच्या यादीइतकीच महत्त्वाची मानली गेली पाहिजे.

शेवटी मुलांसाठी. आई-वडिलांना फोनवर ‘नीट दिसतं ना?’ विचारले की उत्तर ‘हो रे, दिसायचं तेवढं दिसतं’ असेच येते. त्याऐवजी सांगा, ‘आई, एका हाताने डावा डोळा झाक आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघ. आता उजवा झाक. दोन्हीकडून सारखंच दिसतं का? कॅलेंडरचे चारही कोपरे दिसतात का?’ विचारा, ‘बाबा, पायरी चुकते का? दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?’ या चाचणीत सगळे ठीक आले म्हणून काचबिंदू नाही असे ठरत नाही, पण फरक आला तर तपासणी पुढे ढकलायची नाही हे नक्की ठरते. आणि त्यांच्यापैकी कोणाला काचबिंदू निघाला तर त्याच भेटीत स्वतःचे नावही नोंदवा. जवळच्या रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. काकांचा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा. त्याचा दाब २१ निघाला, नसेतला खळगा थोडा मोठा. अजून औषधाची गरज नाही, पण दरवर्षी दृष्टिक्षेत्राची तपासणी ठरली आहे. त्याच्या बाबतीत आजार सुरू झालाच, तर तो नजर जाण्याआधी सापडेल.